नोंदणीच्या दिवशी हुकूमनामा सापडेना

केदार आणि मनाली (नावं बदलली आहेत) यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरवलं, तेव्हा दोघांच्या घरून विरोध नव्हता. तिचं हे दुसरं लग्न, त्याचं पहिलं. गाजावाजा नको, दोन्हीकडची मोजकी माणसं येतील, सह्या होतील आणि संध्याकाळी सगळे एकत्र जेवतील, एवढाच बेत होता. ६ जानेवारी २०२५ ला त्यांनी विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस दिली. ती त्याच दिवशी फलकावर लागली. तीस दिवसांत कुणाची हरकत आली नाही आणि २० फेब्रुवारी ही तारीख मिळाली.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास केदारचा मला फोन आला. मी वकील आहे आणि विवाह नोंदणीची कामं बरीच करतो, पण हे काम माझ्याकडे नव्हतं. त्यांनी सगळं स्वतःच केलं होतं, आणि नीट केलं होतं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "सर, साहेब म्हणतायत मनालीचा डिव्होर्सचा कागद चालणार नाही. तुम्ही जरा बोलता का त्यांच्याशी?"

मी बोललो नाही, सरळ गेलो. असल्या वेळी फोनवरून वाद घातला की अधिकारी आणखी घट्ट बसतो. शिवाय कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता.

कार्यालयात सगळे भिंतीलगतच्या बाकावर बसले होते. मनालीचे बाबा, मामा, केदारची आत्या आणि एक मैत्रीण. मामा, आत्या आणि मैत्रीण हे तीन साक्षीदार. लिपिकानं फाईल माझ्यापुढे सरकवली. नोटिशीच्या नमुन्यात प्रत्येकाची वैवाहिक स्थिती लिहावी लागते. केदारच्या नावापुढे 'अविवाहित' होतं, मनालीच्या नावापुढे 'घटस्फोटित'. आणि त्याला पुरावा म्हणून जोडलेल्या कागदाची झेरॉक्स पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की अधिकाऱ्यांचं बरोबर आहे.

तो घटस्फोटाचा कागद नव्हताच. ती घटस्फोटाची याचिका होती.

ही गफलत वाटते तितकी विरळ नाही. मनालीचा आणि तिच्या पहिल्या नवऱ्याचा घटस्फोट परस्पर संमतीचा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालचा. अशा याचिकेवर दोघांचे फोटो असतात, दोघांच्या सह्या असतात, वकिलाचा शिक्का असतो, पहिल्या पानावर न्यायालयाचा दाखल केल्याचा गोल शिक्का असतो. शेवटच्या परिच्छेदात विवाह विच्छेदित करण्याबद्दल लिहिलेलंही असतं. घरच्या माणसाला वाटतं, हाच तो कागद. पण ते शेवटचं वाक्य नीट वाचलं की फरक कळतो. याचिकेच्या शेवटी विनंती असते: विवाह विच्छेदित करण्याचा हुकूम व्हावा. हुकूमनाम्यात तो हुकूम झालेला असतो: अमुक तारखेला झालेला विवाह या हुकूमनाम्यान्वये विच्छेदित करण्यात येत आहे. त्यावर सही न्यायाधीशांची असते, पक्षकारांची नव्हे. आणि नक्कल म्हणून मिळालेल्या प्रतीवर ती खरी नक्कल असल्याचा शेरा, न्यायालयाची मोहोर, आणि नकलेचा अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली याच्या तारखा असतात. मनालीच्या कागदावर यातलं काही नव्हतं.

"मग नोटीस घेताना का नाही सांगितलं?" बाबा चिडून म्हणाले. प्रश्न रास्त होता. पण नोटिशीच्या वेळी कागद स्कॅन करून जोडलेले होते, आणि मूळ कागद ताडून पाहिले जातात ते लग्नाच्या दिवशी. नोटिशीच्या वेळीच लक्षात यायला हवं होतं, हे खरं. लिपिकानंही मान हलवली. पण त्यामुळे याचिकेचा हुकूमनामा होत नाही.

विवाह अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी बाबांना एकच विचारलं, "काका, निकाल कोर्टातच झाला ना? स्टँप पेपरवर लिहून नाही ना घेतलं?" हा प्रश्न त्या उगाच विचारत नाहीत. नोटरीपुढे दोघांनी सह्या करून फारकत लिहून घ्यायची आणि घटस्फोट झाला असं समजायचं, हे अजून चालतं. काही समाजांतल्या रूढीला कायद्यानं मान्यता आहे, पण ती रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि विवाह अधिकाऱ्यापुढे ते होत नाही. तसं असतं तर त्या दिवशीच नव्हे, पुढे बरेच महिने हे लग्न लागलं नसतं. बाबा म्हणाले, "नाही हो, कोर्टातच. मी स्वतः कागद आणला होता." तो कागद एका निळ्या फाईलीत होता आणि घर बदलताना ती फाईल गेली. वकील वारले होते.

आता इथे नुसत्या याचिकेवर भागवता येत नाही, याचं कारण सांगतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात याचिका दाखल झाली म्हणजे अर्धंच काम झालेलं असतं. दोघांना पुन्हा न्यायालयात येऊन संमती कायम असल्याचं सांगावं लागतं. कलम १३-ब मध्ये त्यासाठी सहा महिने ते अठरा महिने असा काळ दिला आहे. न्यायालय योग्य प्रकरणात सहा महिन्यांची अट शिथिल करू शकतं, पण दुसऱ्यांदा संमती नोंदवावी लागतेच. मधल्या काळात एकानं माघार घेतली, किंवा दोघंही पुन्हा फिरकलेच नाहीत, तर याचिका निकालात निघते आणि लग्न तसंच राहतं. असे लोक मी पाहिले आहेत. वर्षानुवर्षं वेगळे राहतात, स्वतःला घटस्फोटित म्हणवतात आणि कायद्यानं अजून नवरा-बायको असतात. विशेष विवाह कायद्याच्या कलम ४ ची पहिलीच अट आहे की दोघांपैकी कुणाचाही पती किंवा पत्नी हयात नसावी. मनालीच्या हातातल्या कागदावरून ती अट पुरी झाल्याचं दिसत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

मी मनालीला बाजूला घेऊन विचारलं, "कोर्टात किती वेळा गेली होतीस?"

"दोनदा. दुसऱ्यांदा जजसाहेबांनी विचारलं होतं, कुणाच्या दबावाखाली नाही ना म्हणून. मग बाबा नंतर एकटेच जाऊन कागद घेऊन आले."

हे ऐकून मला बरं वाटलं. ती दुसऱ्या वेळेला गेली होती. हुकूमनामा असणार, शोधायचा होता इतकंच.

तोवर मामांनी तोडगा काढला होता. "अहो, 'घटस्फोटित' खोडून 'अविवाहित' लिहा ना. कुणाला कळतंय? नाहीतरी आता अविवाहितच आहे पोरगी." ते वाईट हेतूनं म्हणत नव्हते. पण लग्न लागण्याआधी दोघांना आणि तिन्ही साक्षीदारांना विवाह अधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापनावर सह्या कराव्या लागतात. खोटं आहे हे माहीत असून त्यावर सही करणं हा कलम ४५ खाली गुन्हा आहे, आणि तो सही करणाऱ्या प्रत्येकाचा. म्हणजे मामांचाही. हे सांगितल्यावर मामा गप्प झाले. शिवाय ज्या बाईचा कायदेशीर घटस्फोट झालेला आहे, तिनं तो लपवून स्वतःला आरोपी करून घ्यायचं, याला मला तरी शहाणपण म्हणवत नाही.

दुसरा तोडगा केदारचा. प्रतिज्ञापत्र करून देऊ, की घटस्फोट झाला आहे आणि कागद हरवला आहे. हा तोडगा लोकांना फार पटतो, कारण आपल्याकडे रेशन कार्डापासून सगळीकडे प्रतिज्ञापत्र चालतं. पण माणूस शपथेवर स्वतःला माहीत असलेली गोष्ट सांगू शकतो, न्यायालयाचा हुकूम स्वतः तयार करू शकत नाही. घटस्फोट न्यायालय देतं, तेव्हा त्याचा पुरावाही न्यायालयाच्या अभिलेखातूनच यायला हवा. (हेच प्रतिज्ञापत्र पुढे या प्रकरणात उपयोगी पडलं, पण अगदी वेगळ्या कामासाठी.)

तिसरा तोडगा आत्यांनी अगदी हळू आवाजात सुचवला: पहिल्या नवऱ्याकडे त्याची प्रत असेल, त्याच्याकडून घ्यावी. कायद्यानं हे चाललं असतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालय दोन्ही पक्षांना विनामूल्य देतं, आणि नक्कल प्रमाणित असली की ती कुणी काढली याला महत्त्व नाही. एका फोनवर काम झालं असतं. मनाली म्हणाली, "नको. या लग्नासाठी त्याला फोन करायचा नाही." मी आग्रह धरला नाही. तिचा हक्काचा कागद न्यायालयात होता, तो मिळायला चार दिवस जास्त लागले असते एवढंच.

आता प्रश्न दिवसांचा. इथे लोकांचा गोंधळ होतो, कारण विशेष विवाह कायद्यात दोन घड्याळं चालतात आणि दोन्ही एकाच दिवशी सुरू होतील असं नाही. तीस दिवस मोजायचे ते नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून. ते संपल्याशिवाय लग्न लागत नाही. तीन महिने मोजायचे ते नोटीस दिल्यापासून. त्या आत लग्न लागलं नाही तर कलम १४ प्रमाणे ती नोटीस संपते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, पुन्हा तीस दिवसांसकट. यांची नोटीस ६ जानेवारीची. तीन महिने भरत होते ६ एप्रिलला, आणि तो होता रविवार. कायद्याचा कीस काढत बसण्यापेक्षा शुक्रवार, ४ एप्रिल हाच शेवटचा दिवस धरून चालायचं, असं मी त्यांना सांगितलं. म्हणजे हातात सहा आठवडे. अधिकारी बाईंनी नोटीस रद्द केली नाही, कागद पुरा करून नवी तारीख घ्यावी असा शेरा मारला. साक्षीदार पुन्हा तेच आले पाहिजेत का, असं मैत्रिणीनं विचारलं. तसं बंधन नाही. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार हजर हवेत, एवढंच.

संध्याकाळी शोध सुरू झाला. नकलेच्या अर्जात प्रकरण क्रमांक आणि निकालाची तारीख लागते, आणि इथे दोन्ही नव्हतं. झेरॉक्सवर 'हिंदू विवाह याचिका क्र.' एवढं छापलेलं दिसत होतं, पुढचा हातानं लिहिलेला आकडा प्रतीत उमटलाच नव्हता. न्यायालय दुसऱ्या जिल्ह्यातलं. तिथे कुटुंब न्यायालय नाही, त्यामुळे प्रकरण वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चाललेलं. केदारनं services.ecourts.gov.in वर जिल्हा आणि न्यायालय निवडलं, पक्षकाराच्या नावावरून शोध घेतला आणि त्याला काही सापडलं नाही. त्यानं मला रात्री फोन केला तेव्हा आवाज पडलेला होता. "सर, केसच नाहीये."

दोन ठिकाणी चुकत होतं. त्यानं मनालीचं आजचं नाव टाकलं होतं, म्हणजे माहेरचं. घटस्फोट झाला तेव्हा ती कागदोपत्री सासरच्या नावानं होती, आणि न्यायालयाच्या नोंदीत तेच नाव असणार. दुसरं, त्यानं वर्ष टाकलं होतं २०१९, कारण घटस्फोट २०१९ मध्ये झाला असं सगळ्यांना आठवत होतं. पण प्रकरण क्रमांकातलं वर्ष दाखल झाल्याचं असतं, निकालाचं नव्हे. दाखल केल्याचा शिक्का ऑगस्ट २०१८ चा होता. वर्ष २०१८, स्थिती Disposed, आणि नाव म्हणून सासरच्या आडनावाची फक्त पहिली काही अक्षरं टाकायला मी सांगितलं. इंग्रजीत आडनाव कारकून कसं लिहील याचा नेम नाही. पूर्ण लिहिलं आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नोंद हाती लागत नाही. पाच मिनिटांत त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला. क्रमांक होता, निकालाची तारीख होती: मार्च २०१९.

तो आनंदला, पण मी त्याला थोडं थांबवलं. Disposed म्हणजे प्रकरण निकाली निघालं. कसं निघालं, ते त्या शब्दात नाही. पक्षकार हजर राहिले नाहीत म्हणून याचिका काढून टाकली, तरी ती निकालीच दिसते. निकालाचा प्रकार कुठला नोंदवला आहे ते पाहायचं असतं. तो त्यानं उघडला आणि तिथे हुकूमनामा झाल्याची नोंद होती. घटस्फोटाच्या प्रकरणांत निकालपत्र तिथे वाचायला मिळालं नाही तरी बिघडत नाही. आपल्याला क्रमांक आणि तारीख हवी होती.

पुढच्या मंगळवारी, २५ फेब्रुवारीला, मनाली आणि बाबा त्या न्यायालयात गेले. तिला मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नकलेच्या अर्जात निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्ही वेगवेगळे लिहायचे, कारण हे दोन कागद आहेत. निकालपत्रात न्यायाधीशांनी काय पाहिलं आणि का पटलं ते असतं, हुकूमनाम्यात काय ठरलं ते असतं. नुसतं 'निकालाची नक्कल' लिहिलं तर यातलं एकच हाती येण्याची शक्यता असते. आणि त्याबरोबर याचिकेचीही प्रमाणित नक्कल मागायची. याचिकेची झेरॉक्स आहे की, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माग तरी.

नक्कल विभागातल्या कारकुनानं अर्ज घेतला, कोर्ट फी स्टँप लावायला लावले आणि सांगितलं की कागदपत्रं अभिलेख कक्षात गेली आहेत, तिथून मागवावी लागतील. प्रकरण निकाली निघून काही काळ झाला की त्याचा गठ्ठा तिकडे जातो, आणि नकलेला उशीर होतो तो खरं तर गठ्ठा शोधून येईपर्यंतचा. झेरॉक्स काढणं आणि शिक्का मारणं हे पुढचं काम तासाभराचं असतं. तातडीची नक्कल मागता येते, तिनं तशीच मागितली होती. तरी मार्चचा दुसरा आठवडा उजाडला. मधल्या दिवसांत बाबा रोज फोन करायचे आणि रोज त्यांना एकच उत्तर मिळायचं. ते स्वतःवर रागावलेले होते, हे मला कळत होतं. मी त्यांना एकदाही 'फाईल जपून ठेवायला हवी होती' असं म्हटलं नाही; ते त्यांना दुसरं कुणी तरी रोज घरात ऐकवत असणारच.

नकला आल्या. हुकूमनाम्याचं एकच पान होतं. खाली मोहोर, सही, तीन तारखांचा शिक्का. आणि पक्षकारांच्या रकान्यात मनालीचं सासरचं नाव, फक्त तेवढंच. इकडे नोटिशीत, आधार कार्डावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं. म्हणजे कागद मिळाला तरी अधिकाऱ्यांना प्रश्न पडणार होता की हुकूमनाम्यातली ही बाई आणि समोर बसलेली बाई एकच कशावरून.

याचिका मागवली होती ती यासाठी. याचिकेत पहिल्याच परिच्छेदांत लिहिलेलं असतं की लग्न अमुक तारखेला झालं आणि लग्नाआधी पत्नीचं नाव अमुक होतं. तिथे माहेरचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आणि ते शाळेच्या दाखल्याशी जुळत होतं. त्याच्या जोडीला मनालीनं प्रतिज्ञापत्र केलं की ही दोन्ही नावं माझीच. इथे प्रतिज्ञापत्र शोभतं, कारण आपली नावं कुठली, हे माणसाला स्वतःला माहीत असतं आणि त्याला आधार द्यायला याचिका आहे. २० फेब्रुवारीला जो कागद चालत नव्हता तोच आता दुवा म्हणून चालला.

एक शंका अजून राहिली होती आणि ती अधिकारी बाईंनी काढली: अपिलाचं काय? दुसरं लग्न करायला हुकूमनामा असून भागत नाही, त्यावर अपील करायची मुदत संपलेली असावी लागते किंवा अपील फेटाळलेलं असावं लागतं. वादी-प्रतिवादी भांडून घटस्फोट झाला असता तर ही मुदत, हिंदू विवाह कायद्याखाली नव्वद दिवसांची, मोजावी लागली असती, आणि अपील नसल्याचं दाखवा असंही कुणी म्हणू शकलं असतं. पण संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. त्यांनी हुकूमनाम्यातलं '१३-ब' बोटानं दाखवलं, "परस्पर संमती" असं स्वतःशीच म्हटलं आणि फाईल पुढे घेतली.

१८ मार्चला, मंगळवारी, लग्न लागलं. साक्षीदार तेच तिघं आले. मामांनी सुट्टी काढली होती. दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं अधिकाऱ्यांसमोर म्हटलं. केदार इतका भरभर बोलला की त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग प्रमाणपत्राच्या पुस्तकावर सह्या सुरू झाल्या. हुकूमनाम्याची नक्कल पडताळून बाईंनी मनालीला परत दिली, बाबांनी सवयीनं हात पुढे केला आणि तिनं ती आपल्या पिशवीत टाकली.

सही करता करता मामा थांबले. "मॅडम, हिचं आडनाव इथे आता नवीन लिहायचं ना?"

"नाही, नोटिशीत जे आहे तेच. लग्नानं नाव आपोआप बदलत नाही. बदलायचं असेल तर त्यांना नंतर राजपत्रात वेगळं करता येईल."

सगळ्यांनी मनालीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "आता परत दोन नावांचं प्रतिज्ञापत्र नको."